मीटिंग संपली, तरी कॉल चालूच

‘चला, भेटू मग गुरुवारी,’ असं कुणीतरी म्हणतं आणि पडद्यावरचे चौकोन भराभर विझायला लागतात. नऊचे सहा होतात, सहाचे तीन. शेवटी दोनच चेहरे उरतात, आणि त्यांतला एक विचारतो, ‘अगं, ते कालचं रिलीज झालं का शेवटी?’ रिलीजवरून बोलणं पावसावर जातं, पावसावरून गावाकडच्या घरावर, आणि बघता बघता वीस मिनिटं होतात. मार्च २०२०नंतर हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधली कितीतरी मुलंमुली नाशिक, कोल्हापूर, लातूरच्या घरांतून काम करायला लागली. काहींचं ऑफिस आता पुन्हा भरतं, काहींचं आठवड्यातून दोन दिवस भरतं, काहींचं कधीच भरत नाही. या सगळ्यांना तो प्रसंग ओळखीचा आहे आणि त्यामागून मनात येणारा प्रश्नही. ती थांबते ती माझ्यासाठी का? त्याला माझ्यात काही वाटत असेल का?

या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर शोधता येतं, पण फार थोडं. नेमकं किती आणि कुठे, ते समजून घेण्यासाठी आधी माणसं बोलणं संपवतात कसं, ते पाहायला हवं.

इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली यावर एक निबंध लिहिला. टेलिफोनवरची संभाषणं शब्दन्‌शब्द उतरवून ती कशी संपतात, हे त्यांनी तपासलं. संभाषण आपोआप थांबत नाही, दोघांना मिळून ते थांबवावं लागतं, असं त्यांना आढळलं. आधी एकजण ‘बरं…’ किंवा ‘ठीक आहे मग’ म्हणतो. त्यात नवा विषय नसतो. ‘माझं झालं, तुझं काही राहिलंय का?’ अशी ती विचारणा असते. समोरच्याकडूनही ‘बरं’ आलं की निरोप होतो. पण राहिलेलं काही असेल, तर ते नेमकं याच फटीतून बाहेर येतं. आपल्याकडे निघालेले पाहुणे चपला घालून दारात अर्धा तास बोलत उभे राहतात, ते यामुळेच. बैठकीत जे काढता आलं नाही, त्याला दारात जागा मिळते.

ऑफिसात ही फट बरीच ऐसपैस असते. कॉन्फरन्स रूममधून जागेपर्यंत चालताना, लिफ्टची वाट पाहताना, चहाच्या मशीनपाशी असं ते बोलणं विखरून होतं, आणि कुणी कुणासाठी थांबलं असं कुणाला वाटत नाही. व्हिडिओ कॉलला मात्र ना कॉरिडॉर, ना लिफ्ट. एक बटण दाबलं की माणूस नाहीसा. त्यामुळे दिवसभरातलं कामाबाहेरचं सगळं बोलणं मीटिंगच्या शेवटच्या मिनिटात गोळा होतं. घरून काम करणारा माणूस त्या मिनिटाला रेंगाळतो, तेव्हा त्याला बहुधा कुणाशी तरी बोलायचं असतं. ते ‘कुणीतरी’ आपणच आहोत का, हे थांबण्यावरून कळत नाही.

किती वेळ थांबला यावरूनही फारसं कळत नाही. अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोघा-दोघांच्या संभाषणांनंतर प्रत्येकाला विचारलं होतं, की तुम्हाला हे बोलणं कधी संपायला हवं होतं? दोघांनाही हव्या त्या वेळी संपलेली संभाषणं जेमतेम २ टक्के निघाली. बहुतेकदा कुणाला तरी आधीच थांबायचं असतं, पण तो तसं म्हणत नाही, आणि समोरच्याला ते ओळखता येत नाही. वीस मिनिटांच्या गप्पांतली पहिली पाचच एखाद्याला हवीशी असतील, उरलेली पंधरा भिडेखातर गेली असतील.

त्यातही कधीकधी माणूस थांबलेला नसतोच. यंत्राने त्याला थांबवलेलं असतं. झूमवर ज्याने मीटिंग बोलावली, त्याला बाहेर पडताना `Leave meeting` आणि `End meeting for all` यांतलं एक निवडावं लागतं. पहिलं निवडलं तर यजमानपद दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. म्हणून नीट काम करणारा यजमान बहुधा सगळे जाईपर्यंत बसून राहतो आणि मग कॉल बंद करतो. रेकॉर्डिंग थांबवायचं असतं, कुणाला काय काम दिलं त्याची टिपणं पुरी करायची असतात. गावाकडे नेट तुटलं, तर गेलेल्या माणसाचा चौकोन काही काळ तसाच दिसत राहतो. कुणी दुसऱ्या खिडकीत मेल लिहायला घेतलेली असते आणि हा कॉल बंद करायचा राहून गेलेला असतो. म्हणून पहिला साधा प्रश्न असा: जी व्यक्ती थांबते, ती यजमान आहे का? असेल, तर ते थांबणं हिशेबात धरू नये.

दुसरं कारण पदाचं. आपल्याकडच्या अनेक टीममध्ये साहेब किंवा मॅडम कॉलवर असेपर्यंत हाताखालची मंडळी निघत नाहीत. वरिष्ठाने ‘आणखी काय चाललंय?’ विचारलं, की कनिष्ठाला हसून उत्तर द्यावंच लागतं. ते हसणं वरिष्ठाने स्वतःविषयीच्या ओढीचं मानू नये. ज्याला उठून जायची मोकळीक नाही, त्याच्या बसून राहण्यातून काही सिद्ध होत नाही.

तिसरं कारण भाषेचं. पुण्यातल्या टीमची मीटिंग इंग्रजीत चालते, कारण कुणी बेंगळुरूला असतो, कुणी न्यू जर्सीत. ती माणसं गेली आणि मागे दोन मराठी माणसं उरली, की भाषा क्षणात बदलते. तासभर मोजूनमापून इंग्रजी बोलणारी व्यक्ती एकदम ‘अरे, काय वैताग आणला होता त्या क्लायंटने!’ असं म्हणते. आवाज सैल होतो, ‘अगं-अरे’ सुरू होतं, गावच्या ओळखी निघतात. ही जवळीक खरीच असते, पण ती आधी भाषेची असते. दुसऱ्या मराठी सहकाऱ्याबरोबरही ती अशीच खुलत असेल, तर तिचा वेगळा अर्थ काढण्याचं कारण नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. समोरासमोर आपण नजर, हालचाल, बसण्याची ढब यांवरून अंदाज बांधतो. पडद्यावर यांतल्या बहुतेक खुणा बिघडून पोहोचतात. कॅमेरा लॅपटॉपच्या वरच्या कडेला असतो. कुणी खरोखर तुमच्याच चेहऱ्याकडे पाहत असेल, तर तुम्हाला त्याची नजर खाली वळलेली दिसते. थेट डोळ्यांत पाहतोय असं वाटणारा माणूस त्या वेळी फक्त कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहत असतो. भरलेल्या मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या पडद्यावर चौकोनांची मांडणीही वेगळी असू शकते, त्यामुळे ‘ती सारखी डावीकडे, माझ्याकडे पाहत होती’ या म्हणण्याला काही आधार उरत नाही. केस सारखे करणं, ओढणी नीट घेणं याला एरवी अर्थ असेलही. व्हिडिओ कॉलवर मात्र प्रत्येकासमोर स्वतःचा चेहरा आरशासारखा सतत असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत हा आरसा एक आहे. त्यात पाहून माणूस केस सारखे करतो, ते आपल्यासाठी नव्हे.

बोलण्याची लयही पडद्यावर फसवते. प्रत्यक्ष गप्पांत एकाचं वाक्य संपण्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सेकंदाचा अगदी छोटा तुकडा जातो, आणि झटकन आलेल्या उत्तरातून मनं जुळल्याचा भास होतो. व्हिडिओ कॉलवर हा मधला वेळ बराच वाढतो. आवाज पोहोचायला लागणारा विलंब दोघांचाही ठेका चुकवतो. कुणी अडखळला, उशिरा हसला, तर ते लाजणं असेल किंवा कमी पडलेलं नेट. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

चॅटचं तर बोलायलाच नको. नावाशेजारचा हिरवा ठिपका पाहून ‘रात्री अकरालाही ऑनलाइन आहे, माझ्या मेसेजची वाट पाहत असणार’ असं वाटतं. पण तो ठिपका कीबोर्ड आणि माउसची हालचाल पाहून रंग बदलतो. टीम्समध्ये संगणकाला ५ मिनिटं हात लागला नाही किंवा तो लॉक केला, की ठिपका पिवळा होतो. स्लॅकमध्ये संगणकावर १० मिनिटं काही झालं नाही, की ‘अवे’ दिसतं. टीम्समध्ये मेसेज वाचल्याची डोळ्याची खूण २० जणांपर्यंतच्या चॅटमध्ये मिळते आणि कंपनीने मुभा दिली असेल तर ती बंदही करता येते. स्लॅकमध्ये वाचल्याची खूणच नाही. तिथे कुणी आपला मेसेज वाचून गप्प बसलं, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. तरी माणसं तसं ठरवून मोकळी होतात.

मजकुराचा सूर ओळखण्यातही आपण वाटतो तितके हुशार नसतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५च्या प्रयोगात काहींना ईमेलमध्ये उपरोधाची आणि गंभीर विधानं लिहायला सांगितलं. वाचणाऱ्याला फरक बहुतेक वेळा कळेल, अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. वाचणाऱ्यांनी प्रत्यक्षात निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त विधानं बरोबर ओळखली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा फार बरं नाही. तीच वाक्यं आवाजात ऐकवली, तेव्हा ओळखणं खूप सुधारलं. शिवाय रिकाम्या जागा आपण आपल्या मनाने भरतो. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ साली दाखवून दिलं, की केवळ मजकुरातून ओळख होते तेव्हा समोरचा माणूस प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळचा आणि अधिक चांगला वाटू शकतो. लिहिणारा विचार करून, निवडून लिहितो आणि जे दिसत नाही ते वाचणारा आपल्या आवडीप्रमाणे रंगवतो.

हे रंगवणं सगळ्यांकडून सारखं होत नाही. अँटोनिया अ‍ॅबी यांच्या १९८२च्या प्रयोगात एक स्त्री आणि एक पुरुष पाच मिनिटं गप्पा मारत होते, आणि दुसरे एक स्त्री-पुरुष लपून त्यांना पाहत होते. त्याच गप्पांमध्ये पाहणाऱ्या पुरुषांना स्त्रीच्या वागण्यात आकर्षण जास्त दिसलं, पाहणाऱ्या स्त्रियांना साधा मोकळेपणा. पुरुष वाचकाने आपला अंदाज थोडा खालीच धरावा, हे यातून शिकण्यासारखं आहे.

मग हाती काय उरतं? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, फरक: ही व्यक्ती इतरांशी जशी वागते, त्याहून माझ्याशी वेगळी वागते का? दुसरी, सुरुवात: कामाचं काहीच निमित्त नसताना ती आपणहून बोलायला येते का, की दर वेळी मीच येतो? तिसरी, आठवण: मी ओझरतं बोललेलं, कामाशी संबंध नसलेलं काही ती लक्षात ठेवून नंतर विचारते का? या तिन्हींना थोडे कष्ट पडतात आणि त्या कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप करत नाही, म्हणूनच त्यांना वजन आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकहून काम करणारा एक डेव्हलपर आणि पुण्यातली एक टेस्टर, वयाने आणि पदाने बरोबरीचे. दर गुरुवारी डेमो झाला की ती कॉलवर थांबते. रात्री उशिरा तिचा ठिपका हिरवा असतो. त्याच्या मेसेजला ती मिनिटाच्या आत उत्तर देते, वर लाल बदामही टाकते. त्याला वाटतं, चार खुणा झाल्या.

आता एकेक तपासू. गुरुवारचा डेमो तिच्याच नावाने ठरलेला आहे. ती यजमान आहे, आणि रेकॉर्डिंग तिलाच थांबवायचं असतं. ही खूण गेली. रात्री ठिपका हिरवा असतो, कारण अमेरिकेतल्या टीमबरोबरचा तिचा कॉल साडेदहाला संपतो. हीही गेली. टीमच्या चॅनेलमध्ये मागे जाऊन पाहिलं, तर ती सगळ्यांनाच पटकन उत्तर देते, आणि कुणाचा बग सुटला की लाल बदाम टाकते. चारही खुणा शून्यावर आल्या.

पण याच तपासात दुसरं काही सापडतं. दोन आठवड्यांपूर्वी सगळे कॉलवर जमत असताना तो म्हणाला होता, की आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी आहे. बुधवारी सकाळी, कामाचं काही नसताना, तिचा मेसेज आला: ‘आईचं कसं झालं रे काल? पट्टी कधी काढणार?’ त्याच आठवड्यात तिने दोनदा आपणहून बोलणं सुरू केलं आणि एकदा डेमो नसलेल्या दिवशीही ‘दोन मिनिटं आहेत का?’ विचारून कॉल केला. टीममधल्या बाकीच्यांशी ती असं करताना दिसत नाही. इथे फरक, सुरुवात आणि आठवण या तिन्ही आहेत. त्यातून इतकंच ठरतं, की तिला त्याच्याशी बोलायला आवडतं. मैत्री की त्यापुढचं काही, हे अजूनही ठरत नाही, आणि आणखी चार महिने चॅट चाळूनही ठरणार नाही. इथे वाचणं संपतं आणि विचारणं सुरू होतं.

विचारायचं ते असं, की समोरच्याला ‘नाही’ म्हणणं सोपं जावं. डेमो संपल्या संपल्या, कॉलवर दोघंच असताना विचारलं, तर तिला उत्तर तिथल्या तिथे, त्याच्या तोंडावर द्यावं लागतं. मोठा मेसेज लिहिला, तर तो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि गरज पडली तर कंपनी तो पाहू शकते. कामाच्या तणावाचा दिवस टाळून, वेगळ्या साध्या फोनवर एवढंच म्हणावं: ‘मी शनिवारी पुण्यात येतोय. कामाचं काही नाही, मला तुला भेटायला आवडेल. कॉफी घेऊ या का? लगेच सांगायला नको, आणि नाही म्हणालीस तरी आपलं काम आहे तसंच चालेल.’ हेतू कळतो, वेळ मिळतो आणि नकाराला दार उघडं राहतं.

उत्तर ऐकताना आणखी एक लक्षात ठेवायचं. माणसं नकार देताना ‘नाही’ हा शब्द क्वचितच वापरतात. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ साली हे नेमकेपणाने मांडलं. रोजच्या बोलण्यात नकार आधी थोडं थांबून, ‘अं…’ म्हणून, आभार मानून आणि काहीतरी कारण देऊन येतो, आणि ऐकणाऱ्याला तो नकार आहे हे पुरतं कळतं. ‘अरे, या शनिवारी जरा घरचं आहे, बघू नंतर’ हे उत्तर पुरं आहे. ‘या शनिवारी नाही जमणार, पण पुढच्या रविवारी चालेल का?’ हे वेगळं उत्तर आहे. दुसऱ्यात तिने स्वतः नवा दिवस सुचवला, पहिल्यात नाही. पहिलं उत्तर मिळाल्यावर ‘तिने स्पष्ट नाही थोडंच म्हटलं?’ असं म्हणत पुन्हा विचारणं हा न कळल्याचा बहाणा असतो.

कायदाही हाच मुद्दा धरतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात निकष आहे तो वागणूक नकोशी असण्याचा. ‘कामाचं ठिकाण’ याच्या व्याख्येत घरही येतं. म्हणजे नाशिकच्या खोलीतून पुण्याच्या खोलीत लैंगिक हेतूने पाठवलेला नकोसा मेसेज या कायद्याच्या बाहेर राहत नाही. वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीला हा प्रश्न विचारूच नये, हे मी निक्षून सांगेन. पगारवाढ ज्याच्या हातात आहे, त्याला मोकळं ‘नाही’ मिळण्याची शक्यता फार कमी.

आणि आपण स्वतःच थांबणारे असू तर? गप्पा आवडतात म्हणून कॉलवर रेंगाळणं यात चूक काहीच नाही. पण समोरचा त्यात जास्त काही पाहतोय, असं जाणवायला लागलं, तर गप्पांची जागा बदलावी. दोघांच्या चॅटऐवजी टीमच्या चॅनेलमध्ये बोलावं, कॉलवर तिसऱ्या कुणाला तरी ‘अगं, थांब ना दोन मिनिटं’ म्हणावं, आणि आपण यजमान असलो तर वेळ झाल्यावर कॉल सगळ्यांसाठी बंद करावा. तेवढ्याने कळलं नाही, तर एकदा सरळ सांगावं: ‘तुझ्याशी बोलायला बरं वाटतं, पण माझ्या मनात मैत्रीपलीकडे काही नाही.’ हे वाक्य जड जातं, पण ते वेळेवर बोललं गेलं, तर समोरच्याला पुढचे कितीतरी दिवस हिरव्या ठिपक्यांचे अर्थ लावत बसावं लागत नाही.